‘तसा’ बरा होता

गेल्या महिन्यात एका फोनवर मी तीन-चार सेकंद गप्प बसले, आणि ते सेकंद अजून माझा पिच्छा सोडत नाहीत. सकाळचे पावणेबारा वाजले होते. चाकणच्या आमच्या कारखान्यात त्या सुमाराला कूलंटचा आंबूस वास केबिनमध्येही शिरतो, दार कितीही घट्ट लावा. फोनवरचे गृहस्थ नाशिकहून बोलत होते. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचे प्रमुख. आमच्याकडे पूर्वी असलेल्या एका मुलाला ते घेऊ पाहत होते आणि त्यानं रेफरन्स म्हणून माझं नाव दिलं होतं. सुरुवात इंग्रजीत झाली, दोन वाक्यांनंतर ते म्हणाले, “मॅडम, मराठीत बोलूया का?” आणि दोघांनाही हायसं वाटलं. कधीपासून कधीपर्यंत होता, हुद्दा काय, काम कसं, माणसांशी कसा वागायचा. मी बोलत गेले. मग त्यांनी विचारलं, “इंटेग्रिटीचा काही इश्यू?”

इथं मी थांबले.

डोळ्यांसमोर एक कागद आला. क्लिपबोर्डला लावलेला, कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटलेला. त्याबद्दल सांगावं की नाही, सांगितलं तर कुठून सुरुवात करावी, हे मनात जुळवेपर्यंत पलीकडून आवाज आला, “बरं बरं. समजलं, मॅडम.” ते ‘समजलं’ मला सुईसारखं टोचलं. मी घाईनं म्हणाले, “नाही हो, अजून काही समजू नका. मला अर्धा तास द्या, मी स्वतः फोन करते.” फोन ठेवल्यावर लक्षात आलं की यानं आणखीच वाईट दिसलं असणार. ज्याच्याबद्दल बोलायला अर्धा तास लागतो, त्याच्याबद्दल ऐकणारा काय धरून चालेल?

चौकशीला उत्तर देण्याची आपली एक जुनी पद्धत आहे, आणि ती नोकऱ्यांच्या कितीतरी आधीची आहे. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी, मी नववीत असताना, शेजारच्या घरातल्या मुलाच्या स्थळाची चौकशी करायला दोन पाहुणे आले होते. माझा काका ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. त्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे? काका म्हणाला, “तसा बरा आहे हो.” एवढंच. पाहुण्यांनी चहा घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि ते गेले. स्थळ मोडलं. काकाला त्या मुलाबद्दल वाईट असं काहीही ठाऊक नव्हतं. फार चौकशा त्याला आवडत नसत, म्हणून त्यानं तोंड राखून बोलून दिलं होतं. पण मराठीत ‘तसा’ हा शब्द त्या जागी बसला की त्यामागे एक अख्खी न सांगितलेली गोष्ट उभी राहते, आणि ती ऐकणारा आपल्या मनानं रचतो. ‘बाकी ठीक आहे’, ‘स्वभावानं चांगला आहे’, ‘हुशार आहे, पण…’ ही सगळी त्याच घरातली भावंडं. मी काही वाईट बोललेच नाही, असं नंतर शपथेवर सांगता येतं. माझी ती चार सेकंदांची शांतताही ‘तसा’चीच बहीण होती.

आता ज्याच्याबद्दल हे चाललंय त्याच्याविषयी. नाव लिहीत नाही. ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहिण्याआधी त्याला विचारलं आहे. शॉपवर सगळे त्याला ‘मायक्रॉन’ म्हणायचे. जून 2021 ते ऑक्टोबर 2023, एकोणतीस महिने तो माझ्या हाताखाली क्वालिटी इंजिनिअर होता. टोपणनाव पडलं ते एका बोअरमुळे. आमचा एक भाग आहे, त्याला पंचवीस मिलिमीटरचं भोक, एच-सेव्हन टॉलरन्स. म्हणजे खेळायला जागा सगळी मिळून 21 मायक्रॉन. केस जेवढा जाड असतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. या भागाचे थोडे थोडे नग ग्राहकाकडून परत येत होते, रोज नाही, सगळे नाहीत, कधीतरी पाच, कधी आठ. टूल बदलून झालं, ऑपरेटर बदलून झाला, मटेरियलवाल्याशी भांडून झालं. हा तीन दिवस जेवायला गेला नाही. एअर गेज आणि शंभर पानी वही घेऊन दोन नंबरच्या मशीनपाशी बसला आणि प्रत्येक नगाचं रीडिंग वेळेसकट लिहीत गेला. चौथ्या दिवशी वही माझ्या टेबलावर ठेवली. जेवणाच्या सुट्टीत मशीन अर्धा तास बंद राहतं, स्पिंडल आणि स्क्रू थंड होतात, आणि सुट्टीनंतरचे पहिले पाच-सहा नग आठ-नऊ मायक्रॉननं सरकतात. मग मशीन तापतं आणि सगळं पूर्ववत. तासातासाला एक नग तपासणाऱ्याला हे कधी दिसणारच नाही, कारण त्याची वेळ येईपर्यंत मशीन सुधारलेलं असतं. उपाय साधा निघाला. सुट्टी संपायच्या दहा मिनिटं आधी मशीन रिकामं फिरवायचं आणि पहिला नग मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. परत येणारे नग थांबले.

हा झाला त्याचा उजवा हात. डावा असा: कागद त्याला नकोसा व्हायचा. तक्रारीचं मूळ तो दोन दिवसांत शोधायचा आणि त्यावर ग्राहकाला द्यायचा लेखी खुलासा, एट-डी रिपोर्ट, लिहायला कधीकधी पंधरा दिवस लावायचा. मध्ये एक पाच महिन्यांचा काळ असा आला की कधी उशिरा यायचा, कधी लवकर निघायचा. आणि एकदा ती शीट.

नाशिकच्या फोनच्या दोन दिवस आधी आमच्या एचआरकडे एका पडताळणी एजन्सीची मेलही येऊन गेली होती. सोबत त्याच्या सहीचं संमतिपत्र आणि तो नेहमीचा तक्ता. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा, शेवटचा पगार, सोडण्याचं कारण, हिशेब पूर्ण झाला का, शिस्तभंगाची कारवाई होय की नाही, पुन्हा घ्याल का होय की नाही, आणि खाली पाचपैकी गुण: हजेरी, काम, सचोटी. आमच्या एचआरवाल्या बाईंचं धोरण पक्कं आहे. तारखा आणि हुद्दा भरायचा, बाकी ठिकाणी ‘कंपनीच्या धोरणानुसार लागू नाही’. त्या म्हणतात, “मॅडम, चांगलं लिहिलं आणि तो वाईट निघाला तरी बोंब, वाईट लिहिलं तर वकिलाची नोटीस.” तारखांच्या बाबतीत मात्र त्या काटेकोर असतात, कारण पीएफच्या यूएएनवर रुजू आणि सोडल्याच्या तारखा पडताळणी करणाऱ्याला ताडून पाहता येतात आणि एका महिन्याचा फरकही उमेदवाराच्या खात्यावर खोटेपणा म्हणून जमा होतो. कित्येकदा खोटं कुणीच बोललेलं नसतं. शेवटचा कामाचा दिवस एक आणि आमच्या कारकुनानं पीएफमध्ये टाकलेला दुसरा, एवढंच असतं. त्या गुणांच्या रकान्याशी मात्र माझं कधी जमलं नाही. पाचपैकी तीन म्हणजे माझ्या मते काम नीट करणारा माणूस. पण जगात सगळे सगळ्यांना पाच देतात, त्यामुळे तीन वाचणाऱ्याला ते नापासच वाटतं. मी खरं लिहावं तर ते खोटं पोचतं.

तो तक्ता पाहिला की मला बाबांचं टेबल आठवतं. ते हायस्कूलला मुख्याध्यापक होते. मे-जूनमध्ये शाळा सोडल्याच्या दाखल्यांचा गठ्ठा घरी यायचा आणि ते निळ्या शाईनं भरत बसायचे. अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण, शेरा. तीस वर्षांनी एजन्सीच्या तक्त्यात हेच चार रकाने इंग्रजीत भेटतील असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. वर्तणुकीपुढे बाबा सरसकट ‘चांगली’ लिहायचे. शाळेची खिडकी फोडणाराही चांगला आणि कधी मान वर न करणारीही चांगली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “एका शब्दात मावत नाही ना, मग तो शब्द निरुपद्रवी असलेला बरा.” फक्त एका मुलाच्या दाखल्यावर त्यांनी ‘समाधानकारक’ लिहिलं होतं. आठवड्यात त्याचे वडील सायकल मारत घरी आले. दारातच म्हणाले, “गुरुजी, ह्या शब्दापायी पोराला कालिजात बसवून घेईनात.” बाबांनी नवा दाखला करून दिला. त्या मुलानं नेमकं काय केलं होतं हे कॉलेजला कधी कळलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. पहिल्या दाखल्यातून त्यांना नुसता संशय मिळाला, दुसऱ्यातून काहीच मिळालं नाही.

मला त्या दिवशी अर्धा तास मिळाला होता. पहिली पाच मिनिटं मी स्वतःवर चिडण्यात घालवली, कारण आठवडाभर आधी त्यानं व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, “मॅडम, रेफरन्सला तुमचा नंबर दिलाय, चालेल ना?” मी तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. अंगठा पाठवला आणि विसरले. खरं तर बोलायची वेळ तीच होती. मी तुझ्याबद्दल हे हे चांगलं सांगेन आणि विचारलं तर हे हेही सांगेन, पटत असेल तर नंबर दे, असं म्हणायला हवं होतं. त्याला दुसरं नाव सुचवायची संधी मिळाली असती. सध्याच्या कंपनीत कुणाला विचारू नका असं उमेदवार सांगतो, कारण तिथं अजून राजीनामा दिलेला नसतो, त्यामुळे आधीच्या साहेबावरच सगळा भार येतो. माझ्या अंगठ्याचा त्यानं घेतलेला अर्थ आणि माझ्या मनात असलेला अर्थ यांच्यात ती शीट पडली होती.

मग मी जुन्या मेल काढल्या.

माझ्या डोक्यात पक्कं होतं की याचे एट-डी नेहमी उशिरा असायचे. ‘नेहमी’ हाच शब्द मी फोनवर वापरणार होते, किंबहुना ओठांवर आलाही होता. मोजले. त्याच्या काळात त्याच्या नावावर अकरा रिपोर्ट होते. ग्राहकाची मुदत चौदा दिवसांची. अकरापैकी सात वेळेत गेले होते. उरलेल्या चारांपैकी दोन बाहेरच्या लॅबच्या मेटलर्जी रिपोर्टसाठी अडकले होते, आणि त्या लॅबचा पाठपुरावा करणं माझं काम होतं, त्याचं नव्हे. म्हणजे त्याच्या आळसाचे म्हणावेत असे दोनच. पण त्यातला एक आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा होता. त्यावरून मला प्लँट हेडसमोर उभं राहावं लागलं होतं, आणि तो अपमान एवढा ताजा राहिला की त्यानं बाकीचे नऊ रिपोर्ट झाकून टाकले. हे दोन आकडे पाहताना मला घाम फुटला. मी खोटं बोलणार नव्हते, मला मनापासून तसंच वाटत होतं. आणि मनापासून वाटणं तपासायची गरज आपल्याला सहसा पडत नाही.

नात्यातला एक वकील मागं एकदा गप्पांत म्हणाला होता, की लोक समजतात खरं बोललं की बदनामी होत नाही, पण फौजदारी कायद्यात नुसतं खरं असणं पुरत नाही. आधी दंड संहितेचं कलम 499 होतं, आता न्याय संहितेचं 356. त्याला अपवाद आहेत. त्यातल्या एकाचा गाभा असा की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावानं केलेलं विधान बदनामी ठरत नाही. रेफरन्स देणारा याच्या सावलीत उभा असतो. गंमत पुढे आहे. कायद्यातल्या ‘सद्भावा’ला मनातला चांगुलपणा पुरत नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावानं केली असं म्हणताच येत नाही, अशी त्याची व्याख्या आहे. इंग्लंडमध्ये 1994 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं याच वळणाचा निकाल दिला होता, तो वेगळ्या, नुकसानभरपाईच्या कायद्यातला. एका विमा विक्रेत्याला सचोटी नसलेला ठरवणारा रेफरन्स दिला गेला आणि त्याला कुणी उभं करेना. देणाऱ्यांच्या मनात आकस नव्हता, तरी त्यांनी पुरेशी काळजी घेतली नव्हती, आणि ती घेणं हे त्यांचं माजी कर्मचाऱ्याशी असलेलं कर्तव्य आहे, असं न्यायालयानं धरलं. त्या अर्ध्या तासात मला हे कलमांसकट आठवलं असं नाही. आठवला तो फक्त वकिलाचा शब्द, ‘काळजी’, आणि समोर अकरा मेलची यादी.

शीटचं काय, ते माझ्या 2022 च्या डायरीत सापडलं. 24 ऑगस्ट, बुधवार. ‘2.30 ला राउंड. मशीन 2, तासाची शीट. 3 आणि 4 ची रीडिंग आधीच भरलेली. बोलावून बोलले. चूक कबूल. पुन्हा झाल्यास लेखी.’ एवढ्याच ओळी. त्यानंतर दोन महिने मी मुद्दाम वेगवेगळ्या वेळी राउंड मारले होते, पुन्हा काही दिसलं नाही. लेखी काहीच झालं नाही. त्यामुळे एजन्सीच्या तक्त्यात ‘शिस्तभंगाची कारवाई: नाही’ हे उत्तर अक्षरशः खरं होतं, आणि एचआरनं तेच दिलं असतं तरी कुणी बोट ठेवू शकलं नसतं. पण नाशिकच्या गृहस्थांनी कारवाई विचारली नव्हती. त्यांनी सचोटी विचारली होती. आणि नोकरी होती पुरवठादारांच्या क्वालिटीची, म्हणजे दहा कारखान्यांत जाऊन इतरांनी भरलेल्या अशाच शीट खऱ्या की खोट्या हे पाहायची. विक्रीची नोकरी असती तर मी बहुधा ती गोष्ट माझ्यापाशीच ठेवली असती. ब्रेकच्या भागांवर मात्र गप्प बसणं मला जमेना. दुसरीकडे मन म्हणत होतं, एका दुपारच्या दोन रकान्यांवरून एकोणतीस महिन्यांच्या माणसावर ‘इंटेग्रिटी इश्यू’ हा शिक्का मारायचा? त्या शब्दाखाली लाच घेणारा आणि दोन रकाने आधी भरणारा शेजारी शेजारी बसतात.

शेवटी मी स्वतःला एकच गोष्ट विचारली: हे मी त्याच्या तोंडावर बोलले होते का? बोलले होते. त्याला ठाऊक नसलेलं असं काही मी पाठीमागं सांगणार नव्हते. ज्या दोन-तीन गोष्टी शॉपवरच्या इतरांकडून कानावर आल्या होत्या (एक तर प्रॉडक्शनच्या माणसाची, ज्याचे नग हा रोज अडवायचा), त्या मी कागदावर लिहून त्यांवर काट मारली. उशिरा येण्याचं कारण लिहिलं आणि तेही खोडलं.

बारा वाजून वीस मिनिटांनी मी फोन लावला.

“मघाशी मी थांबले, कारण मला आठवणीतून सांगायचं नव्हतं,” मी म्हणाले. “ऑगस्ट 2022 मध्ये एकदा, एका मशीनच्या शीटवर पुढच्या दोन तासांची रीडिंग आधीच भरलेली मी स्वतः पाहिली. त्याला विचारलं, त्यानं टाळाटाळ न करता कबूल केलं. तोंडी समज दिली, लेखी नाही. नंतर मी मुद्दाम लक्ष ठेवलं, पुन्हा आढळलं नाही. त्याच्या पूर्ण काळात मला माहीत असलेली अशी ही एकच घटना. ते नग नंतर आम्ही मोजले, सगळे मापात होते, पण तो त्याच्या बाजूचा मुद्दा नाही, ते नशीब.” पलीकडे ते लिहून घेत होते, पेनचा आवाज येत होता. मग मी त्यांना त्या शंभर पानी वहीबद्दल सांगितलं, मघापेक्षा सविस्तर, एअर गेजसकट. ते मध्येच म्हणाले, “म्हणजे जो माणूस तीन दिवस खरी रीडिंग घेतो, तोच दोन खोटी भरतो?” मी म्हणाले, “हो. मलाही ते एकत्र बसवता येत नाही. दोन्ही मी पाहिलंय, म्हणून दोन्ही सांगतेय.”

हजेरीचं विचारलं तेव्हा सांगितलं की चोवीस महिने नियमित, जुलै ते नोव्हेंबर 2022 हे पाच महिने अनियमित. त्यामागे कौटुंबिक कारण होतं, ते आम्हाला कळल्यानंतर आम्ही त्याला वेळेत सूट दिली. “कौटुंबिक म्हणजे?” “ते त्याला विचारा. सांगायचं की नाही हे तो ठरवेल.” इथं ते थोडे नाराज झाले असावेत. पण कारण न सांगता नुसतं ‘अनियमित’ म्हटलं तर तो बेफिकीर ठरला असता, आणि कारण सांगितलं असतं तर दुसऱ्याच्या घरातलं दुखणं मी नाशिकला वाटलं असतं. कारण होतं आणि ते खरं होतं, यापुढे जायचा मला हक्क नव्हता. म्हणून या लेखातही आजाराचं नाव नाही.

शेवटचा प्रश्न आलाच. “तुम्ही परत घ्याल का?”

“घेईन,” मी म्हणाले. “तक्रारीचं मूळ शोधायच्या कामाला उद्या घेईन. कागदपत्रांची मुदत सांभाळायला एकट्याला ठेवणार नाही. तुमच्याकडे पहिले सहा महिने त्याच्या भेटींचे रिपोर्ट कुणी सोबत पाहणार असेल तर माझं उत्तर हो आहे. तो एकटाच दहा पुरवठादार सांभाळणार असेल तर मला सांगता येणार नाही.” ते हसले. म्हणाले, “मॅडम, एवढं कुणी बोलत नाही. सगळे व्हेरी गुड म्हणून मोकळे होतात.” यात कौतुक होतं की कुरकुर, मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित त्यांनाही ‘व्हेरी गुड’च हवं असेल, फाइल बंद करायला.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. हे मला सगळ्यात जड गेलं. नाशिकच्या माणसाला पुन्हा कधी भेटायचं नव्हतं, याला मी मुलासारखं वागवलं होतं, निदान माझी तशी समजूत आहे. सगळं सांगितलं, ज्या क्रमानं बोलले त्या क्रमानं. शीटपाशी आल्यावर तो म्हणाला, “ते सांगितलंत?” आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. मी म्हणाले, “विचारलं, म्हणून सांगितलं. एकदाच घडलं, पुन्हा नाही, हेही सांगितलं. तारखेसकट.” तो काही क्षण गप्प. या वेळी चार सेकंद त्याचे होते.

मग म्हणाला, “मॅडम, त्या दिवशी तीनला बाबांना घेऊन पोचायचं होतं. पहिल्यांदाच. मी पावणेतीनला निघणार होतो. घरचं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. शीट मोकळी दिसली असती तर सुटलो कुठं म्हणून विचारणा झाली असती.”

त्यानं घरचं मला सांगितलं ते ऑक्टोबरमध्ये. शीट ऑगस्टमधली. माझ्या डायरीत दोन्ही नोंदी आहेत, मध्ये चाळीस-पन्नास पानं. एकोणतीस महिन्यांतल्या त्याच्या दोन उणिवा म्हणून मी ज्या वेगवेगळ्या मोजत होते, त्या एकाच दुपारच्या होत्या. आणि त्या बुधवारी मी त्याला बोलावून बोलले, चूक कबूल करून घेतली, पुन्हा झाल्यास काय होईल ते सांगितलं, पण ‘का’ असं विचारलं नव्हतं. डायरीत तसा शब्दच नाही. रीडिंग खोटी होती ती यानं खरी होत नाहीत, हे त्यालाही कळत होतं. तो ते सबब म्हणून सांगत नव्हता.

“मी त्यांना परत फोन करून सांगू?” मी विचारलं.

“नको. विचारलं तर मीच सांगेन.” जरा थांबून म्हणाला, “तुम्ही सांगितलंत तर तुम्ही माझी बाजू घेताय असं वाटेल. मग मघाचं सगळंच त्यांना तसं वाटेल.”

यावर मला काही बोलता आलं नाही. बाहेर दुसरी पाळी सुरू झाली होती, फोर्कलिफ्टचा भोंगा वाजत होता, तो त्याला तिकडे ऐकू गेला असणार.

“दोन नंबर अजून जेवणानंतर उड्या मारते का?” त्यानं विचारलं.

“नवा ऑपरेटर आलाय,” मी म्हणाले. “दहा मिनिटं फिरवायचं विसरतो.”

“तिथं पाटीच लावा ना, मॅडम. स्टार्टच्या बटणाच्या वर. मी लावली होती, ती काढली का कुणी?”